गिरगावकर, तीन तासांचं काय?

गिरगावकर यांची प्रतिक्रिया: "लेख वाचला. वकिलांना विज्ञान वाचायची सवय नसते हे पुन्हा एकदा दिसलं. लिबेटने दाखवून दिलंय की आपण ठरवायच्या आधीच मेंदू ठरवून मोकळा झालेला असतो. निवडच नाही तर जबाबदारी कसली? शिक्षा म्हणजे मग सरकारी सूड. स्वभाव कुणी निवडून घेत नाही. नानावटी काय आणि खिसेकापू काय, सगळे आपापल्या मेंदूचे गुलाम. बाकी लेख म्हणजे कोर्टाची भाटगिरी."

गिरगावकर,

'भाटगिरी' हा शब्द टाळता आला असता. त्याच्याशिवायही तुमचं म्हणणं पोचलं असतं, किंबहुना जरा बरं पोचलं असतं. चोवीस वर्षं फौजदारी वकिली, तीही बहुतेक आरोपींच्या बाजूने, केलेल्या माणसाला कोर्टाचा भाट म्हणणं म्हणजे विनोदच आहे. पण तो तुम्ही जाणूनबुजून केला नसावा. वाचनाच्या सवयीबद्दल खाली बोलतोच.

आधी कबुली. नानावटी खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल बरोबर ठरवणाऱ्या माझ्या लेखात मी लिबेट या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाच्या प्रयोगाचं वर्ष १९८५ लिहिलं होतं. मूळ निबंध १९८३चा आहे, १९८५चा लेख त्यावरच्या चर्चेचा. चूक माझी, दुरुस्त केली आहे. ती तुमच्या लक्षात आली नव्हती, पण असो.

आता तुमचं ते एक वाक्य, 'मेंदू ठरवून मोकळा झालेला असतो'. लिबेटच्या प्रयोगात माणसाला काय करायला सांगितलं होतं? मनात येईल तेव्हा मनगट किंवा बोट हलवा. बस. का हलवायचं, कधी हलवायचं, हलवलं नाही तर काय बिघडणार, याला काहीही उत्तर नाही. समोर एक तबकडी, तिच्यावर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो. हलवायची ऊर्मी ज्या क्षणी जाणवली तेव्हा ठिपका कुठे होता, ते हालचाल झाल्यावर आठवून सांगायचं. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून मेंदूची विद्युत हालचाल नोंदवली जात होती. तिच्यात प्रत्यक्ष हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी एक चढ सुरू झालेला दिसला. ऊर्मी जाणवल्याची वेळ मात्र लोकांनी सांगितली ती हालचालीआधी सुमारे २०० मिलिसेकंदांची. मधले ३५० मिलिसेकंद, एवढीच ती सुप्रसिद्ध फट. त्या तबकडीचे साठ भाग धरले तर २०० मिलिसेकंद म्हणजे जेमतेम पाच खुणा. फिरत्या ठिपक्याची जागा आठवून सांगताना एकदोन खुणांची गफलत कुणाचीही होईल.

पण खरी गोम पुढे आहे. तो चढ एकेका हालचालीत नीट दिसतच नाही, मेंदूतल्या इतर खळबळीत तो बुडून जातो. म्हणून एका माणसाच्या चाळीसेक हालचाली घ्यायच्या, प्रत्येकीची सुरुवात एका रेषेत आणायची आणि मागे मागे जात सरासरी काढायची. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते नेमकं या पद्धतीवर. मेंदूतली विद्युत पातळी अशीही सतत वरखाली होत असते. हालचालीला काही कारणच दिलेलं नसेल, तर ही चढउतार सहज उंबरठा ओलांडेल तेव्हा हात हलतो. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभे राहा. पाणी ज्या ज्या वेळी कठड्यावरून उडतं तेवढेच क्षण टिपा आणि त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाच्या पाण्याच्या पातळीची सरासरी काढा. सुंदर चढती रेघ मिळेल. म्हणून समुद्राने अर्धा मिनिट आधी ठरवलं होतं असं म्हणणार का? कठड्यापर्यंत न पोचलेल्या लाटा तुम्ही मोजल्याच नाहीत, म्हणून प्रत्येक चढ तुम्हाला 'निर्णय' वाटतो.

शुर्गरचं मॉडेल सगळ्यांना मान्य आहे असं नाही, आणि इलेक्ट्रोडऐवजी स्कॅनर वापरून केलेले नंतरचे प्रयोगही आहेत. २००८ मध्ये सून आणि सहकाऱ्यांनी डावं बटण की उजवं, याचा अंदाज काही सेकंद आधी बांधून दाखवला. पण अचूकता साठ टक्क्यांच्या आसपास. डोळे मिटून नाणं उडवलं तरी पन्नास मिळतात. एवढ्यावर 'ठरवून मोकळा' हे शब्द उभे राहत नाहीत. आणि खुद्द लिबेटला वाटत होतं की शेवटच्या क्षणी माणूस ती हालचाल रोखू शकतो. तुमच्या साक्षीदाराची पूर्ण साक्ष तरी वाचायची होती. वाचनाची सवय म्हणालात ना?

आता समजा, हे सगळं मी सोडून दिलं आणि लिबेट शंभर टक्के बरोबर आहे असं धरलं. तरी नानावटीच्या बाबतीत त्याचा काय उपयोग? तो खटला ३५० मिलिसेकंदांचा नव्हता, जवळजवळ तीन तासांचा होता.

२७ एप्रिल १९५९. दुपारी जेवणानंतर नौदल अधिकारी नानावटीची बायको त्याला प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली देते. दीडच्या सुमारास नानावटी घर सोडतो. बायको-मुलांना सिनेमाला सोडतो, खेळ सुटल्यावर सहाला न्यायला येतो असं सांगतो. तिथून बोटीवर जातो. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतो. आहुजाच्या ऑफिसात जातो, तो तिथे नाही असं कळल्यावर त्याच्या फ्लॅटवर. चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या सुटतात.

बचाव होता दंड संहितेच्या कलम ३०० मधल्या पहिल्या अपवादाचा, म्हणजे गंभीर आणि अचानक चिथावणीचा. (नव्या न्याय संहितेत हे कलम १०१ झालं आहे, अपवाद तोच.) तो अपवाद लागू झाला असता तर हा खून ठरला नसता, सदोष मनुष्यवध ठरला असता, आणि जन्मठेपेऐवजी दहा वर्षांच्या आतली शिक्षाही देता आली असती. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नाकारला, आणि कारण अगदी साधं दिलं: दीड ते चार-वीस या वेळात ताबा परत मिळवायला पुरेसा अवधी होता.

आता नीट बघा कोर्टाने काय विचारलं आणि काय विचारलं नाही. या कृत्याला आधीची कारणं होती का, हे विचारलंच नाही. कारणं होतीच, निकालपत्रात पानंच्या पानं भरून आहेत. उलट कारणांना त्यात जागाही आहे: आरोपीच्या समाजातला, त्याच्या परिस्थितीत सापडलेला सुज्ञ माणूस असा भान हरपून बसला असता का, हीच कसोटी. मयताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी अवस्था झाली तीही लक्षात घ्यायची. कोर्टाने शोधलं ते दुसरंच. त्या तीन तासांत या माणसापर्यंत कारणं पोचत होती का? मुलांना सहाला आणायचंय, हे त्याला सुचत होतं. खरं सांगितलं तर रिव्हॉल्व्हर मिळणार नाही, हे कळत होतं. माणूस ऑफिसात नाही तर घरी असेल, हेही. ज्याचं डोकं एवढं चालतंय त्याला 'असं केलंस तर फाशी किंवा जन्मठेप' हे वाक्यही ऐकू जाऊ शकतं. फिट आलेल्या माणसाला ते ऐकू जात नाही. विश्व कणाकणाने आधीच ठरलेलं असलं तरी या दोन माणसांतला फरक खराच राहतो. कायद्याला जबाबदारी ठरवायला तेवढा फरक पुरतो.

आणि शिक्षेचा धाक हेही एक कारणच आहे, गिरगावकर. माणसं कारणांनी हलतात हे तुमचंच म्हणणं. मग धाकाने ती हलणार नाहीत असं कसं? उलट माणूस कशानेच बांधलेला नसता तर दंड संहिता लिहून उपयोग नव्हता.

'स्वभाव कुणी निवडून घेत नाही' याचं काय? मान्य. कुणीच घेत नाही, न्यायाधीशही नाही. पण त्यातून 'गुलाम' कसा निघतो हे तुम्ही सांगितलेलं नाही. गुलामाला मालक लागतो, आणि माझ्या मेंदूचा मी सोडून दुसरा मालक मला तरी माहीत नाही. तत्त्वज्ञानात यावर ग्रंथ आहेत, इथे तो वाद उकरत नाही. सुडाबद्दलही एवढंच म्हणतो की 'त्याने भोगलंच पाहिजे, त्यातून कुणाचं काही भलं होवो न होवो' या भावनेवर मी शिक्षेचं समर्थन कधीच उभं केलं नाही, आणि तिची वकिलीही करणार नाही. ती गेली तर मला फारसं वाईट वाटणार नाही. पण ती गेली म्हणून शिक्षाच जाते, ही तुमची उडी.

खरं तर तुम्ही मला एका जागी पकडू शकला असता. कलम ८४, आता नव्या संहितेचं २२. मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे समजण्याची क्षमताच नव्हती, तर गुन्हा नाही. हे १८४३च्या मॅकनॉटन नियमांवरून आलेलं आहे आणि यात फक्त समजण्याबद्दल बोललंय, आवरण्याबद्दल एक अक्षर नाही. सगळं कळतंय पण हात थांबत नाही, अशा माणसाला आपल्याकडे या कलमाचा आसरा मिळत नाही. नुसती अनावर ऊर्मी हा बचाव होत नाही. वर सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. माझ्याच मांडणीप्रमाणे, ज्याच्यापर्यंत कारण पोचतं पण हातापर्यंत उतरत नाही त्याचं काय, याला या कलमाकडे धड उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. तुम्ही न्यूरोसायन्स आणायचं होतंत तर इथे आणायला हवं होतं. तुम्ही ते मनगट हलवण्यावर खर्च केलंत.

खिसेकापूबद्दल पुन्हा कधीतरी. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, 'भाटगिरी'सकट. वाचणाऱ्यांनी दोन्ही वाचावं.