छंदाच्या रकान्यात वेल्डिंग

एजंटचा मेसेज आला, 'सीव्ही पीडीएफमध्ये पाठवा, आजच.' आखातातल्या एका रिफायनरीत शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं काम आहे, पाईप वेल्डर हवेत. म्हणून काल भोसरीतल्या एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात गेलो, आणि अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही.

दुकानातल्या पोराकडे एक तयार सीव्ही असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडायचं, नव्याचं टाकायचं. माझ्या आधी कोणीतरी बीकॉमवाला येऊन गेला असावा, कारण मला टॅली येतं असं त्यात होतं. "येत नाही," म्हटलं. "राहू दे, भरल्यासारखं दिसतं," तो म्हणाला.

मी हातानं लिहून कागद नेला होता. सगळ्यात वर नाव, पासपोर्टावर आहे तसंच. आपल्याकडच्या दाखल्यांवर आडनाव आधी आणि पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात. कागदोकागदी नाव वेगळं दिसलं की तिकडे हा एकच माणूस का, इथून सुरुवात होते. नावाखाली लगेच एक ओळ: पाईप वेल्डर, टिग आणि आर्क, ६जी. टिग आणि आर्क या वेल्डिंगच्या दोन पद्धती. एजंटच्या ऑफिसातली मुलगी ढिगातला प्रत्येक कागद किती वेळ बघणार? ती ६जी शोधते. पहिल्या काही ओळींत दिसलं नाही की कागद खाली.

पोरगा टाईप करत होता आणि शेजारी रेशनकार्डाच्या झेरॉक्ससाठी थांबलेले एक काका स्क्रीन वाचत होते. रिटायर्ड. सगळी नोकरी आस्थापना विभागात गेलेली, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"६जी? अहो, आमच्या गच्चीवर अजून ५जी धड येत नाही."

म्हटलं, काका, मोबाईलचं नाही हे. पाईप पंचेचाळीस अंशात तिरका पक्का बांधतात. तो फिरवायचा नाही, वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. खाली डोक्यावर धरून, बाजूला उभं, वर आडवं, सगळं एकाच जोडात येतं.

काकांनी चष्मा वर केला. "मग पाईप सरळच का नाही लावत?"

"परीक्षा असते ती."

"नाही, पण फिरवला तर सोपं नाही का जाणार?"

"प्लांटमधली लाईन फिरत नाही, काका. दोन्हीकडून जोडलेली असते."

"म्हणजे बसवतानाच चुकलं," काका म्हणाले आणि पोराकडे वळले. "ते पंचेचाळीस अंश लिहू नकोस. तिरकं काम करतो असं वाटेल."

त्यानंतर काका हलले नाहीत. त्यांची झेरॉक्स कधीच निघाली होती.

खरं भांडण झालं टेस्टच्या रकान्यावरून. मी लिहिलं होतं: प्रोसेस, पोझिशन, पाईपचा व्यास, जाडी, धातू, एक्स-रे क्लिअर, टेस्टची तारीख. पोरानं सगळं उडवून 'पाईपचं उत्तम ज्ञान' असं इंग्रजीत ठेवलं. ते ज्ञान घेऊन मी काय प्लंबिंगचं दुकान टाकू?

आमच्या धंद्यात सगळा खेळ त्या आकड्यांचा. आखातातली बरीच कामं एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या सेक्शन ९ वर, म्हणजे वेल्डिंगच्या परीक्षांच्या नियमांवर चालतात. माझी आधीची टेस्ट ६ इंची, शेड्यूल ८० जाडीच्या पाईपवर होती. बाहेरचा व्यास १६८ मिलिमीटर, जाडी साधारण ११. रूट, म्हणजे जोडाचा तळातला पहिला थर, टिगनं, ३ मिलिमीटर. वरचं सगळं आर्कनं, ७०१८ रॉडवर, ८ मिलिमीटर. नियम असा की जेवढा धातू त्या प्रोसेसनं भरला, त्याच्या दुप्पट जाडीपर्यंत तुम्ही पास. म्हणजे टिगला ६ आणि आर्कला १६. व्यासाचं मात्र उलटं. ७३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या पाईपवर टेस्ट दिली तर ७३ हून बारीक पाईप तुम्हाला चालत नाही. २ इंची पाईप बाहेरून ६० मिलिमीटर भरतो. म्हणजे ६जी पास असूनही २ इंची लाईनला हात लावायचा नाही.

"मोठं जमतं त्याला छोटं जमतंच," काका. "आमच्याकडे मोठी फाईल हाताळणाऱ्याला छोटी आपोआप."

फाईल वाकलेली नसते हो. बारीक पाईपला टॉर्चचा कोन क्षणाक्षणाला बदलावा लागतो, हात अडखळला की रूटला भोक पडलंच. म्हणूनच जाणते लोक टेस्ट २ इंची जाड पाईपवर देतात, ज्याला डबल एक्स्ट्रा स्ट्राँग म्हणतात. त्याची जाडी ११ मिलिमीटर आणि व्यासाची सूट २५ मिलिमीटरपासून वर सगळी. माझी नवी टेस्ट त्याच पाईपवर आहे. आता मला सांगा, हे 'उत्तम ज्ञान' या दोन शब्दांतून कोणाला कळणार होतं?

अनुभवाचं तेच. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कुठला प्लांट, वाफेची लाईन की तेलाची, कार्बन स्टील की स्टेनलेस, टिग किती आणि आर्क किती. 'वेल्डिंगचा दांडगा अनुभव' तर गेटची जाळी करणाराही लिहितो, आणि त्याला असतोही. मधे वडिलांच्या आजारपणात मी गावी होतो, तेव्हा जाळ्याच केल्या, आर्कनं, ६०१३ च्या रॉडवर. काकांना ती मोकळी जागा दिसली.

"हे महिने आधीच्या कंपनीत जोडून टाक. कोण बघतंय?"

बघतात. एखादी प्रोसेस सहा महिने हातातून गेली की त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. गावात टिग होतं कुठे? आणि जाळ्यांचं आर्क कंपनीच्या देखरेखीखालचं नाही, म्हणून तेही धरत नाहीत. दोन्ही गेले. पुन्हा कामावर लागल्यावर कंपनीनं नवी टेस्ट घेतली, म्हणून तिची तारीख वर टाकायची होती. महिने लपवले असते तर उलट ती नवी टेस्ट कशाला, असं विचारलं असतं. आणि तसंही, सर्टिफिकेट कुठलंही असो, एजंटकडे ट्रेड टेस्ट होतेच. कागदावर टिग लिहिलेला माणूस तिथे टॉर्च धरून थरथरला की सगळ्यांसमोर कळतं. सीव्ही फक्त त्या बूथपर्यंत नेतो.

हे सगळं एका पानात बसलं. खाली आयटीआयचं एनसीव्हीटी सर्टिफिकेट, वेल्डर ट्रेड, पासिंगचं वर्ष. मी म्हटलं, झालं.

"हॉबीज?" पोरगा.

"नको."

"साहेब लोक छंद बघतात," काका म्हणाले. "माणूस कळतो त्यातून. वाचन लिही, प्रवास लिही."

आखातात जाणाऱ्या वेल्डरला प्रवासाचा छंद! मी चिडून म्हटलं, वेल्डिंग लिहा. त्यानं लिहिलं. काकांना ते पटलं. मेहनती वाटतो म्हणाले आणि शेवटी रेशनकार्ड घेऊन गेले.

राग काकांचा नाही. बारा तास हेल्मेट घालून काम करणाऱ्यानं आपलं काम ज्यांना ते माहीत नाही त्यांच्याकडून, आपल्याला न येणाऱ्या इंग्रजीत, पानाला पन्नास रुपये मोजून लिहून घ्यायचं. दुरुस्तीचे वीस वेगळे, चूक त्याचीच असली तरी. ज्या फोरमनला माझा रूट बघून एका मिनिटात सगळं कळतं, त्याच्यापर्यंत हा कागद पोचतच नाही.

पीडीएफ पाठवली. तासाभरात एजंटचा फोन.

"बायोडाटा चांगलाय. पण सुपरवायझरची जागा नाहीये आपल्याकडे."

"मी वेल्डरसाठी पाठवलाय."

"मग फोटोत कोट-टाय कशाला घातलाय?"

मी टाय आयुष्यात घातलेला नाही. त्या पोरानं मला न विचारता चिकटवला होता. काढायचे वीस रुपये घेतले.