अभिनंदनाच्या मेसेजमध्ये रेट टाकू नका

रावेर-यावल पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी कंपनीचा केळीचा पहिला कंटेनर आखाताकडे निघाला, की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोडलेला नारळ, कंटेनरला हार, समोर संचालक मंडळ. दुपारपर्यंत अध्यक्षांच्या व्हॉट्सॲपवर बॉक्सवाले, ट्रान्सपोर्टवाले, खतवाले, औषधवाले अशा सगळ्यांचे मेसेज येऊन पडतात. बहुतेकांचा साचा एकच: "आपल्या गगनभरारीला मानाचा मुजरा! आम्ही पाच प्लाय, सात प्लाय बॉक्स योग्य दरात पुरवतो. एकदा सेवेची संधी द्यावी."

मी स्वतः जळगाव एमआयडीसीतून पुठ्ठ्याचे बॉक्स विकतो, त्यामुळे हे माझ्याच धंद्याबद्दल लिहितोय. नवीन पार्टीला पुरस्कार मिळाला, तिने एखादा टप्पा गाठला, की बोलणं सुरू करायला ती खरोखर चांगली वेळ असते. पण अशा मेसेजने आपण ती वाया घालवतो. मुजरा आणि रेट एकाच श्वासात आले, की वाचणाऱ्याला कळतं की मुजरा रेटसाठीच होता.

माझं म्हणणं असं, की त्या यशामागचं एक तरी अवघड काम तुम्हाला नेमकं ओळखता आलं पाहिजे. ते ओळखता येत नसेल तर मेसेज करूच नका.

केळीचंच घ्या. चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये तेरा किलोचे साधारण पंधराशे बॉक्स बसतात, म्हणजे वीस टनांच्या आसपास माल. हा माल खांद्यावरून, घड जमिनीला न टेकवता पॅकहाऊसला आणायचा. फण्या सोडवायच्या, चीक धुवायचा, पाणी निथळू द्यायचं, डागी फणी बाजूला काढायची, वजन करून भरायचं आणि मग प्री-कूलिंगला लावायचं. तापमान तेरा-साडेतेरा अंशांवर आणावं लागतं. त्याखाली फार गेलं तर साल काळवंडते, वर राहिलं तर फळ वाटेतच पिकायला लागतं. आणि हे आपल्याकडे मे महिन्यात करायचं, जेव्हा भुसावळ-रावेरकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो! कापलेला घड उन्हात जितका जास्त वेळ राहील तितकी आतली उष्णता वाढते आणि ती उतरवायला तितके तास जास्त लागतात. पहिला कंटेनर म्हणजे हे सगळं पहिल्यांदाच जमवणं. हार घातलेल्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

अशाच एका गटाच्या अध्यक्षांना मी पाठवलेला मेसेज इथे देतो:

"नमस्कार भाऊ. मी जळगाव एमआयडीसीतून पुठ्ठ्याचे बॉक्स पुरवतो, हे आधीच सांगतो. आज मात्र त्यासाठी लिहीत नाही. तुमच्या कंटेनरची बातमी वाचली. या उन्हात कापलेला माल वेळेत थंड करून कंटेनर भरणं काय असतं, ते मी पॅकहाऊसमध्ये उभं राहून पाहिलंय. तुमचं आणि पॅकिंगच्या टोळीचं मनापासून अभिनंदन. कापणी ते प्री-कूलिंग हा वेळ तुम्ही कसा सांभाळला, ते ऐकायला आवडेल."

यात मी कोण ते पहिल्याच ओळीत आहे. काही विक्रेते ओळख लपवून आधी गोड बोलतात आणि चार दिवसांनी कॅटलॉग पाठवतात. ते मला पटत नाही, कारण समोरच्याला मग आधीचं गोड बोलणंही खोटं वाटायला लागतं.

टोळीचा उल्लेख मी मुद्दाम केला. अध्यक्षांना सगळे अभिनंदन करतात, पण फण्या कापणारे, भरणारे हात कुणाला आठवत नाहीत. ज्याने काम करून घेतलंय त्याला ते हात पक्के ठाऊक असतात.

"तुम्ही खान्देशचं नाव सातासमुद्रापार नेलंत" असं मी लिहिलं नाही, कारण ते खरं नव्हतं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि 2021 मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची जीआय मानांकित 22 टन केळी दुबईला गेली. शेजारच्या गावाने आधी काय केलंय, हे त्या अध्यक्षांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. नको ते पहिलेपण त्यांच्या गळ्यात बांधलं तर त्यांना संकोच होतो आणि माझं अज्ञान उघडं पडतं. त्यांच्या गटाचा पहिला कंटेनर, एवढंच खरं आहे आणि तेवढंच पुरेसं मोठं आहे.

वेळेचंही थोडं सांगतो. बातमी आली त्या दिवशी फोन थांबत नाही, शंभर मेसेजमध्ये आपला बुडतो. आठवड्याभराने पाठवलेला निवांत वाचला जातो. तोवर माल तिकडे पोचायच्या वाटेवर असतो आणि माणूस त्याच विचारात असतो.

त्यांचं उत्तर व्हॉइस मेसेजने आलं. "भाऊ, पहाटे तीनला बॅटऱ्या घेऊन शेतात उतरलो. नऊच्या आत कटाई बंद म्हणजे बंद," इथपासून त्यांनी सगळं सांगितलं. पॅकिंगची टोळी कशी मिळाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फोम कसा अंथरला, कोणत्या शेतातला माल परत पाठवावा लागला आणि त्यावरून कोण रुसलं. मी ऐकलं, दोन गोष्टी विचारल्या आणि थांबलो. त्या दिवशी बॉक्सचा विषय मी काढला नाही.

तो विषय नंतर त्यांनीच काढला. तिकडून फोटो आले होते, खालच्या थरातले काही बॉक्स दबले होते. बहुतेकांना वाटतं की अशा वेळी जास्त प्लायचा बॉक्स घ्यावा. मी आधी थप्पीचा फोटो मागवला. बॉक्सची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. वरचा बॉक्स थोडा सरकून बसला की वजन कोपऱ्यावरून मधल्या पुठ्ठ्यावर येतं. त्यात रीफरमधली दमट हवा पुठ्ठा शोषून घेतो आणि मऊ पडतो. त्यांच्या फोटोत कोपरे जुळलेले नव्हते. "आधी थप्पी सरळ करून पाहा, पुढच्या वेळीही दबले तर बॉक्सचं बोलू," असं मी सांगितलं. पुढे ऑर्डर आली, पण सगळी नाही, जुन्या पुरवठादाराचंही काम त्यांनी चालू ठेवलं. मला ते रास्त वाटतं.

पुरस्काराच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. राज्य सरकारच्या कृषिभूषणसारख्या पुरस्कारामागे शेतीतलं अनेक वर्षांचं काम असतं, त्यातलं एखादं काम शोधून त्याबद्दल विचारा. पण काही पुरस्कार पैसे भरून मिळतात, हे आता गावोगाव ठाऊक आहे. तसल्या ट्रॉफीचं कौतुक करून दार उघडायला जाऊ नका. त्या माणसाचं दुसरं खरं काम सापडलं तर त्यावर लिहा. आणि एखाद्या दालमिलला पन्नास वर्षं झाली म्हणून लिहायला घ्याल, तेव्हा ज्यांनी ती उभी केली ते अण्णा हयात आहेत का, हे आधी कुणाला तरी विचारून घ्या.

उत्तर आलं नाही तर "माझा मेसेज पाहिला का?" असं विचारू नका. अभिनंदनाचा पाठपुरावा करायचा नसतो. बॉक्सचं बोलायचं असेल तर महिन्याभराने सरळ फोन करा, बॉक्सचंच बोलायचंय म्हणून सांगा आणि भेटीची वेळ मागा.