हलतोय म्हणजे कच्चा नव्हे

'ताई, तुम्ही लिहिल्याप्रमाणे चीजकेकचा टिन पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये 160 अंशांवर एक तास ठेवला. मधे हलत होता म्हणून आणखी 25 मिनिटं ठेवला. वर मोठी भेग, कडा रवाळ आणि बिस्किटांचा थर चिंब! एवढं पाण्याचं नाटक करून उपयोग काय झाला?'

बिघडला तो त्या 25 मिनिटांत. त्यात माझीही चूक आहे. 'एक तास' लिहून मी मोकळी झाले, पण किती हललेलं चालतं ते सांगितलंच नाही.

चीजकेक हा नावालाच केक. अंड्यावर धरतो, म्हणून वागणूक खरवसासारखी: जास्त आच लागली की आवळतो आणि पाणी सोडतो. मध्यभाग 65 अंशांच्या आसपास पोचला की पुरे, 70 च्या बराच पुढे गेला की रवाळ होतो. ओव्हन 160 वर असला तरी ट्रेमधलं पाणी 100 च्या वर जात नाही, त्यामुळे कडा दमानं शिजतात. पाणी नसेल तर मध्यभाग धरेपर्यंत कडा फुगून कोरड्या होतात, आणि गार होताना आकसल्या की मधे फाटतं. पाणी वेळ मिळवून देतं, पण 25 मिनिटांची चूक पोटात घालत नाही.

आता हलण्याचं. हातमोजा घालून टिनला बाजूनं हलकी टिचकी द्या. पृष्ठभागावर ताकासारखी लाट पळाली तर कच्चा आहे. कडेचे दीड-दोन इंच स्थिर आणि मधला वाटीच्या तोंडाएवढा भाग जेलीसारखा एकसंध थरथरला, की लगेच ओव्हन बंद. (मला तर पहिल्या वेळी हे बघून धडकी भरली होती.) दारात लाकडी चमचा अडकवून तासभर आतच राहू द्या, उरलेलं त्या उष्णतेत होतं. बाहेर काढल्यावर कडेनं पातळ सुरी फिरवा, म्हणजे आकसताना टिनला चिकटून ओढला जाणार नाही. मग रात्रभर फ्रिजमध्ये. काप नीट पडतो तो तिथेच घट्ट झाल्यावर.

तळ चिंब झाला तो फॉइलमुळे. पाणी आत जाऊ नये म्हणून सुट्या तळाच्या टिनभोवती ते गुंडाळताना एखादं टोक टोचतंच. मी फॉइल सोडून दिलं. टिन त्याहून इंचभर मोठ्या साध्या केकच्या भांड्यात ठेवते आणि ते भांडं पाण्यात. वेळ थोडा जास्त लागतो, पण पाणी आत शिरत नाही. पाणी गरम आणि टिनच्या निम्म्या उंचीपर्यंत.

तुमचा ओव्हन ओटीजी असेल तर आत एक थर्मामीटर टांगून बघा. माझा 160 वर लावला की 180 दाखवतो, म्हणून मी 140 वर लावते आणि वरची कॉइल बंद ठेवते. आठ इंची टिनला पुढच्या वेळी 50 व्या मिनिटाला पहिली टिचकी द्या, मग दर सात-आठ मिनिटांनी.