f(Ec) गुणिले अणूंची संख्या? इलेक्ट्रॉन असे मोजत नाहीत

दावा: "फर्मी पातळी माहीत असली की झालं. कंडक्शन बँडच्या तळाच्या ऊर्जेसाठी, म्हणजे Ec साठी, f(Ec) काढा, एका घन सेंटीमीटरमधल्या अणूंच्या संख्येने गुणा, कंडक्शन बँडमधले इलेक्ट्रॉन हातात. सगळ्यात जास्त इलेक्ट्रॉन Ec वरच असतात, कारण f तिथेच सगळ्यात मोठं. फर्मी पातळीवर तर निम्म्या जागा भरलेल्याच असतात. कितीही डोपिंग असो, हिशोब हाच."

अणूंनी गुणण्याबद्दल. शुद्ध सिलिकॉन घेऊ, तापमान 300 केल्व्हिन. बँडगॅप 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि kT म्हणजे 0.0259. फर्मी पातळी साधारण मधोमध धरली तर Ec तिच्यावर 0.56 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि f(Ec) येतं सुमारे 3.9×10⁻¹⁰. अणू 5×10²². गुणाकार 2×10¹³ येतो, पण खरा आकडा 10¹⁰ च्या आसपास आहे. चूक जवळजवळ दोन हजार पटींची.

f फक्त एवढंच सांगतं, की या ऊर्जेची अवस्था असलीच तर ती भरलेली असण्याची शक्यता किती. अशा अवस्था किती आहेत, हे g(E) सांगतं आणि त्याचं एकक आहे दर घन सेंटीमीटर, दर इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणून गुणाकार प्रत्येक ऊर्जेवर वेगळा करावा लागतो आणि मग बेरीज घ्यावी लागते:

n = ∫ g(E) f(E) dE, Ec पासून वर

फर्मी पातळी EF ही Ec पासून पुरेशी खाली असेल तर ही बेरीज n = Nc·exp(−(Ec−EF)/kT) इतकी आटोपशीर होते. सिलिकॉनसाठी Nc म्हणजे 2.8×10¹⁹. त्याला 3.9×10⁻¹⁰ ने गुणलं की 1.1×10¹⁰ मिळतात. Nc म्हणजे बँडमधल्या सगळ्या अवस्थांची मोजदाद नव्हे. पसरलेला बँड जणू Ec वरच गोळा केला असं मानून काढलेला तो परिणामी आकडा आहे, आणि तो T^(3/2) प्रमाणे बदलतो. तापमान बदलून Nc तोच ठेवणं ही नेहमीची चूक.

दुसरी नेहमीची चूक वस्तुमानाची. Nc साठी अवस्था घनतेचं वस्तुमान लागतं. सिलिकॉनमध्ये सहा दऱ्या धरून ते इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या 1.08 पट येतं. त्याऐवजी वाहकतेचं 0.26 घातलं, तर Nc 3.3×10¹⁸ वर घसरतो, म्हणजे साडेआठ पटींनी कमी. उत्तर तेवढ्याच पटींनी कमी आलं, तर आधी इथे शोधा.

"सगळ्यात जास्त Ec वरच". उलट, नेमक्या Ec वर घनता शून्य असते, कारण g(E) हे √(E−Ec) प्रमाणे वाढतं आणि तळाशी ते शून्यापासून सुरू होतं. वर जाल तसं g वाढतं, f घसरतं. गुणाकाराचं शिखर Ec च्या वर kT/2 वर येतं, म्हणजे 0.013 इलेक्ट्रॉनव्होल्टवर.

तिथला हिशोब करून बघा. g सुमारे 8.6×10²⁰, f सुमारे 2.4×10⁻¹⁰, गुणाकार 2×10¹¹ दर घन सेंटीमीटर, दर इलेक्ट्रॉनव्होल्ट. वक्राची परिणामी रुंदी साधारण 2kT, म्हणजे 0.05. शिखर गुणिले रुंदी, पुन्हा 10¹⁰. पहिल्या kT मध्ये सुमारे 43 टक्के इलेक्ट्रॉन असतात आणि 5kT च्या वर जेमतेम 2 टक्के. म्हणूनच बेरजेची वरची मर्यादा अनंत धरली तरी काही बिघडत नाही, बँड प्रत्यक्षात कुठेतरी संपत असला तरी.

फर्मी पातळीवरच्या "निम्म्या जागा". f तिथे अर्धा असतो, हे खरं. पण शुद्ध सिलिकॉनमध्ये फर्मी पातळी बँडगॅपमध्ये आहे आणि तिथे g शून्य. शून्याचा अर्धा शून्यच. तिथे दोष किंवा अशुद्धी यांच्या अवस्था असल्या तरच काही भरण्याचा प्रश्न येतो, आणि त्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

"कितीही डोपिंग". फॉस्फरसचे 10¹⁶ अणू दर घन सेंटीमीटर असतील आणि सगळे आयनित झाले असतील, तर Ec−EF = kT·ln(2800), म्हणजे 0.205 इलेक्ट्रॉनव्होल्ट. हे जवळजवळ 8kT झालं, त्यामुळे घातांकी सूत्र बिनदिक्कत वापरा. फर्मी पातळी Ec च्या खाली फक्त 3kT इतक्या अंतरावर आली तरी n मध्ये चूक 2 टक्क्यांच्या आतच असते. त्याहून जवळ गेलात की मात्र f चं पूर्ण रूप ठेवून बेरीज संगणकाकडून करून घ्यावी लागते. EF नेमका Ec वर असेल तर घातांकी सूत्र n = Nc सांगतं, पूर्ण बेरीज मात्र 0.765 Nc, म्हणजे 2.1×10¹⁹. ही मर्यादा पदार्थागणिक वेगळी. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 0.067 पट असल्याने Nc 4.4×10¹⁷ च्या आसपासच असतो. त्यामुळे जे 10¹⁸ डोपिंग सिलिकॉनला सहज चालतं, त्यावर तिथे फर्मी पातळी बँडच्या आत शिरलेली असते.