पुरवठादार विकत घेतला की नफा घरात? गणित मांडून बघा

“पुरवठादार कंपनीच विकत घ्या, तिचा नफा आपला होतो. संबंधित धंद्यात उतरलं तर यश नक्की. आणि अगदी वेगळ्या धंद्यात उतरलं तर जोखीम विभागली जाते, म्हणजे भागधारकांचा फायदाच.” परीक्षेच्या तोंडावर पुण्यातल्या एमबीएच्या ग्रुपांवर फिरणारा मजकूर.

पहिला मुद्दा. चाकणची एक काल्पनिक वाहन कंपनी घेऊ. ती धातूचे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीकडून वर्षाला 10 कोटींचं कास्टिंग घेते. फाउंड्रीची एकूण विक्री 20 कोटी. उरलेला माल वाहन कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. उत्पादनानुसार बदलणारा खर्च 12 कोटी, स्थिर खर्च 6 कोटी, नफा 2 कोटी. आता वाहन कंपनीने फाउंड्री घेतली. प्रतिस्पर्धी आपलं डिझाइन आणि उत्पादनाचं वेळापत्रक तुमच्या हातात कशाला देतील? ते ऑर्डर काढून घेतात. विक्री 10 कोटींवर येते, बदलता खर्च 6 कोटींवर उतरतो, पण भट्टी आणि पगाराचे 6 कोटी तसेच राहतात. 2 कोटींच्या नफ्याचा 2 कोटींचा तोटा झाला, आणि खरेदीला घातलेल्या पैशांवरचं व्याज यात धरलेलंच नाही.

मग उभं एकत्रीकरण, म्हणजे पुरवठादारच आपल्या कंपनीत घेणं, करावं कधी? अडवणुकीची भीती असेल तेव्हा. समजा एखादी महागडी डाय, म्हणजे साचा, फक्त तुमच्याच भागासाठी बनते आणि ती वापरणारा पुरवठादार एकच आहे. तो ऐन वेळी दर वाढवू शकतो. पण त्यावरही मधला मार्ग आहे: डाय गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची आणि ठेवलेली पुरवठादाराकडे. वाहन उद्योगात हे सर्रास चालतं. संबंध बिघडला तर डाय उचलून दुसरीकडे नेता येते. कारखाना विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त!

दुसऱ्या मुद्द्यात ‘संबंधित’ कशाला म्हणायचं हेच हुकलंय. बजाज ऑटो फायनान्स 1987 मध्ये सुरू झाली ती दुचाकी-तिचाकींना कर्ज देण्यासाठी. पुढे ती टीव्ही-फ्रिजसाठीही कर्ज देऊ लागली. स्कूटर आणि फ्रिज यांचा काय संबंध? पण कर्जदार पारखणं, दुकानातच कर्ज मंजूर करणं, हप्ते वसूल करणं ही कामं तीच. उलट, दोन उत्पादनं एकाच कपाटात शोभतात पण कारखाना, विक्रेते, कौशल्य यांतलं काहीच सामायिक नाही, तर तो संबंध नावापुरता. आणि सामायिक असलं तरी समन्वयाचा खर्च असतोच.

तिसरा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. जोखीम विभागायला भागधारक स्वतःच दोन कंपन्यांचे शेअर घेऊ शकतो. 2008 मध्ये बजाज ऑटोमधून वित्तीय व्यवसाय बजाज फिनसर्व्हकडे वेगळे झाले आणि ही निवड त्याच्या हाती आली. मात्र जिथे नव्या धंद्याला बँक किंवा बाजार भांडवल देत नाही, तिथे समूहाने आतून पैसा पुरवण्याला अर्थ उरतो. तो पैसा नीट वापरला जातोय का, हे वार्षिक अहवालातल्या विभागवार आकड्यांत दिसतं. एकाच विभागाचा परतावा वर्षानुवर्षं कमी आणि गुंतवलेलं भांडवल मात्र वाढतंय, तर चांगला धंदा वाईट धंद्याला पोसतोय असा संशय घ्यायला जागा आहे.