एक ग्रॅम दोनशे मिलीची घट

पुतण्याचं लग्न ठरलं आणि मंगळसूत्र घ्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. सोबत सुमनकाकू. काकू खानापूरच्या. सोनं घ्यायला निघाल्या की जुन्या चष्म्यावर नवा चष्मा घालतात आणि कुणाच्याही कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवत नाहीत, स्वतःच्याही नाही. बोटांच्या पेरांवर मोजतात.

बेळगावात सोनं घ्यायचं म्हणजे सीमाप्रश्नात पाय घालणं. कोल्हापूरकडची रीत अशी, की सोन्याचा भाव वेगळा आणि घडणीची मजुरी वेगळी. दक्षिणेकडची रीत अशी, की भाव आहे, मजुरी आहे, आणि वर ‘वेस्टेज’, म्हणजे आपली घट. आमच्या गावात दोन्ही रिती एकाच रस्त्यावर समोरासमोर नांदतात, आणि मधोमध गिऱ्हाईक उभं असतं.

आधी काचेच्या एका शोरूममध्ये गेलो. एसी, गार पाणी, टाय लावलेला मुलगा. काकूंना दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांचं आखूड मंगळसूत्र पसंत पडलं. मुलानं ते काट्यावर ठेवलं, 21.200 ग्रॅम. “त्यात मणी 1.200, म्हणजे निव्वळ सोनं 20 ग्रॅम,” असं त्यानं आपणहून सांगितलं. मुलगा प्रामाणिक वाटला. लगेच म्हणाला, “आणि मॅडम, मेकिंग फक्त ग्रॅमला साडेतीनशे!” काकूंनी माझ्याकडे ‘बघ’ अशी नजर टाकली.

आकडे लक्षात राहावेत म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरतो. वीस ग्रॅमचे दोन लाख, मजुरी सात हजार. मी मनात दोन लाख सात हजार म्हणेपर्यंत मुलानं कागद पुढं केला. कागदावर होते 2,19,000, आणि जीएसटी अजून बाकी.

“वेस्टेज सहा टक्के,” तो गोड आवाजात म्हणाला.

वीस ग्रॅमचे सहा टक्के म्हणजे 1.200 ग्रॅम. मण्यांचं म्हणून जेवढं वजन आत्ताच वजा केलं होतं, अगदी तेवढंच घट म्हणून परत चढवलं होतं! काट्यावर 21.200 आणि बिलातही 21.200. मधे फक्त प्रामाणिकपणा येऊन गेला होता.

“घट म्हणजे गेलं कुठं ते सोनं?” काकूंनी विचारलं.

“घडवताना जातं मॅडम. कापताना, घासताना, पॉलिशला.”

हे खोटं नाही. कानशीनं घासताना सोन्याचा कीस पडतो, डाग देताना थोडं जातं, पॉलिशमध्येही जातं. पण गेलेलं सोनं कुठं जातं हे काकूंना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या माहेरी सोनारआळीत झारेकरी यायचे. सोनाराच्या दुकानातली धूळ, राख, गटारातला गाळसुद्धा विकत घ्यायचे आणि धुऊन त्यातलं सोनं काढायचे. कारखान्यात तर हा कीस टेबलाखालच्या खणात गोळा होतो आणि पुन्हा आटवला जातो. “म्हणजे आमच्या नावानं सांडलं ते तुम्ही झाडून घेतलं. मग आम्हाला द्या की पुडीत बांधून,” काकू म्हणाल्या. मुलानं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनं छताकडे बघितलं.

तिथून शहापूरच्या एका जुन्या पेढीवर. गादी, लोड, भिंतीवर लक्ष्मी, आणि शेटजी एकाच फोनवर अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत होते. त्यांच्याकडं तसंच मंगळसूत्र निघालं. काट्यावर तेही 21.200 भरलं. “आमच्याकडं घटबिट काही नाही मावशी. मजुरी आठ टक्के, विषय संपला.” भाव तोच. हिशेब झाला 2,28,960.

घट नसताना हे जवळजवळ दहा हजारांनी महाग कसं? काकूंनी बिलाची चिठ्ठी उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाल्या, “शेटजी, हे मणी सोन्याचे हाईत व्हय?”

पूर्ण 21.200 ग्रॅमला सोन्याचा भाव लागला होता, आणि त्यावर मजुरीही. काचेचे मणी बारा हजारांना पडत होते, वर त्यांच्या घडणावळीचे 960 रुपये. शेटजी हसले, “राहिलं बघा,” म्हणाले आणि वजा केलं. वीस ग्रॅमचे दोन लाख, मजुरी सोळा हजार, एकूण 2,16,000.

आता चित्र पालटलं. शोरूमची ‘फक्त साडेतीनशे’ मजुरी म्हणजे साडेतीन टक्के, अधिक सहा टक्के घट, मिळून साडेनऊ. शेटजींचे आठ टक्के ऐकायला जास्त, द्यायला कमी. मी दोन्ही चिठ्ठ्यांच्या मागे एकच भागाकार केला. जीएसटी आणि हॉलमार्कचे पैसे लागण्याआधीची रक्कम भागिले निव्वळ सोन्याचे ग्रॅम. शोरूम 10,950, पेढी 10,800. भावाच्या वर ग्रॅममागे एकीकडे साडेनऊशे, दुसरीकडे आठशे. घट म्हणा, मेकिंग म्हणा, काही म्हणा, सोनं सोडून आपण देतो ते एवढंच. दोन दुकानांतले दागिने वजनाला क्वचितच सारखे असतात, तेव्हाही हा भागाकार चालतो. एकूण रकमा मांडून बसलं तर नुसता गोंधळ होतो.

जीएसटी तीन टक्के, आणि तो सगळ्या रकमेवर. म्हणजे उडालेल्या सोन्यावरही कर. हॉलमार्किंगचे मात्र नगाला 45 रुपये आणि त्यावर कर. दागिना दोन ग्रॅमचा असो की वीस, तेवढेच.

मला वाटायचं, हॉलमार्क आहे म्हणजे बिलही चोख असणार. पण तो शिक्का बोलतो फक्त शुद्धतेबद्दल. शेटजींचं भिंग घेऊन वाटीच्या मागं पाहिलं. बीआयएसचा त्रिकोण, 22K916, आणि आकडे-अक्षरं मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, जो 2023च्या एप्रिलपासून सक्तीचा आहे. 916 म्हणजे हजारात 916 भाग सोनं. फोनवर BIS Care उघडून Verify HUID मध्ये ती सहा अक्षरं घातली, तर सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार आला. प्रकार वाचायचा. हातात मंगळसूत्र आणि फोनवर ‘अंगठी’ असं आलं तर तिथूनच उठायचं. घट किती लावली, मणी वजा केले का, हे त्या त्रिकोणाला कोण विचारणार? त्यासाठी बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे पैसे वेगवेगळे लिहून मागायचे. नियमच आहे तो.

मी तिथूनच शोरूमला फोन लावला. मॅनेजर घट चार टक्क्यांवर आणायला तयार झाला. म्हणजे 2,15,000. एवढा वेळ जे सोनं घडवताना ‘जात’ होतं, त्यातलं चाळीस शतांश ग्रॅम एका फोनवर परत आलं. शेटजींनी हे ऐकू येत नसल्यासारखं ऐकलं आणि मजुरी सातवर आणली. 2,14,000, जीएसटी 6,420, हॉलमार्कचे 53, एकूण 2,20,473.

काकूंनी मान डोलावली. मग आपल्या हातातल्या जुन्या पाटल्या पुढं करून सहज विचारलं, “आणि ह्या मोडल्या तर काय लावाल?”

“आजचा भाव मावशी. निव्वळ वजनाला. मजुरी, जीएसटी त्यात येत नाही.”

“आणि घट?”

शेटजी क्षणभर थांबले. “आटवताना थोडी जाते.”

“घडवताना जाते, आटवताना जाते,” काकू पाटल्या परत हातात चढवत म्हणाल्या, “एवढं जातं तर तुमच्या दुकानात काय राहतं हो? बरं, मंगळसूत्राला डबी चांगली द्या. प्लास्टिकची नको.”