नास्तिकाच्या हातात माळ काहून?

आज सीताबर्डीवर टपरीवर ऑफिसातला एक जण सगळ्यांसमोर म्हणे, "तू तर नास्तिक ना बे, मग खिशात माळ घेऊन काहून फिरून राहिला?" आणि सगळे हसले. मी पण हसलो, पण चहा काही गोड लागला नाही, तेव्हापासून डोकं तापूनच आहे.

तर ऐका राजेहो. मागच्या वर्षी बाबांची बायपास झाली तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या लोखंडी बाकावर मी मोबाईल उघड-बंद करत बसलो होतो, छातीत नुसती धडधड, आणि बाजूला आई तुळशीची माळ ओढत शांत. मला तिचा रागच आला. एक-दीड तासानं तिनं काही न बोलता माळ माझ्या हातात दिली. मधल्या बोटावर ठेव, अंगठ्यानं ओढ, तर्जनी लावू नको, बस एवढंच सांगितलं.

"श्रीराम जय राम जय जय राम". तेरा अक्षरं. पहिले दहा-बारा मणी मी धावतच होतो, मधेच हापकून श्वास घ्यावा लागे, खांदे वर चढलेले, उलट जास्तच घाबरायला झालं. आई म्हणे, "गाडी पकडायची आहे का तुला? सोडत सोडत म्हण." मग एका सोडलेल्या श्वासात एक नाव, नाक भरून श्वास, पुढचा मणी. एका मण्याला साधारण दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, १०८ मण्यांना अठरा मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा उतरतो, लांब सोडला की त्याला उतरायला वेळ मिळतो, एवढंच आहे ते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे ॐ" म्हणायला लावलं, तर दोन्हीत श्वास याच सहाच्या आसपास आला. देव वेगळे, श्वास तोच!

हो, नुसते आकडे मोजत श्वास घेतला तरी होत असेल. आणि बीपीची गोळी सुटत नाही, तेही खरं, बाबा रोज घेतात. पण त्या बाकावर मला आकडे मोजता येत नव्हते ना बाप्पा, बावीसवर गेलो की डोक्यात काहीतरी भयंकर यायचं. माळेत मन पळालं तरी बोटाखाली मणी असतो, तिथून परत धरायचं.

त्या टपरीवाल्या मित्राला काय सांगू, त्यालाही कधी बसावं लागेल अशा बाकावर, तेव्हा... जाऊ दे, बसावं लागू नये.

दुसरी माळ चालू असताना आईचा डोळा लागला होता. मी आपला ओढत ओढत मेरूमण्यावर आलो आणि सरळ पुढे जायला लागलो, तर ती डोळे मिटूनच म्हणे, "मेरू ओलांडायचा नसतो, उलटी फिरव."

फिरवली, गुपचूप.